चूक ऐकल्यावर शिक्षकानं काय म्हणावं?

"मॅडम, काल माझी पुस्तक हरवली."

लखनौहून बदली होऊन नाशिकच्या बँकेत आलेला एखादा अधिकारी संध्याकाळच्या मराठी वर्गात असं म्हणतो. अर्थ पोहोचला, अडलं काहीच नाही. पण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी. त्या एका फरकापायी 'माझी'ही चुकलं आणि 'हरवली'ही चुकलं. आता बोलण्याची पाळी शिक्षिकेची आहे आणि तिच्या हातात फार तर दोन-तीन सेकंद आहेत.

ती म्हणू शकते, "अरेरे, तुमचं पुस्तक हरवलं? कुठे?" म्हणजे चुकीचा उल्लेखही न करता तिनं त्याचं वाक्य शुद्ध करून त्याच्यापुढे ठेवलं आणि गप्पा चालू ठेवल्या. भाषाशिक्षणाचे अभ्यासक याला रीकास्ट म्हणतात. दुसरा मार्ग थेट दुरुस्तीचा: "'माझी पुस्तक' नाही, 'माझं पुस्तक' म्हणा." चूक झाली हे स्पष्ट सांगितलं आणि बरोबर रूपही लगेच दिलं. तिसऱ्या मार्गात बरोबर रूप ती सांगतच नाही. भुवया उंचावून "माझी पुस्तक?" असं त्याचंच वाक्य त्याला ऐकवते, किंवा "पुस्तक हा शब्द कुठल्या लिंगाचा?" असं विचारते, किंवा "पुन्हा सांगा, काल काय झालं?" म्हणून थांबते. या सगळ्यांना मिळून प्रॉम्प्ट हे नाव आहे. चूक सुधारण्याचं काम इथे शिकणाऱ्याच्याच अंगावर टाकलेलं असतं.

शिक्षकांचा ओढा स्वाभाविकपणे पहिल्या मार्गाकडे असतो. रीकास्टनं कोणाचा अपमान होत नाही, बोलण्याचा ओघ तुटत नाही, शिवाय शुद्ध वाक्य कानावर पडतं. मग अडचण कुठे आहे? ती आपल्या बँक अधिकाऱ्याच्या पुढच्या वाक्यात दिसते.

"कुठे?" या प्रश्नाला तो उत्तर देतो, "रिक्षात राहिली, मॅडम."

'राहिली'. म्हणजे शिक्षिकेनं दिलेलं 'तुमचं' आणि 'हरवलं' त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. आणि यात त्याचा दोष नाही. त्यानं 'माझी' म्हटलं होतं. शिक्षिका बोलणार तेव्हा 'माझी'च्या जागी 'तुमची' येणार हे त्याला ठाऊकच होतं, कारण बोलणारा बदलला की सर्वनाम बदलतंच. शब्द बदलला, पण तो बदल त्यानं त्या खात्यावर टाकला आणि शेवटचा स्वर बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही. दुसरं म्हणजे शिक्षिकेनं त्याला प्रश्न विचारला होता. माणूस प्रश्नाला उत्तर देतो, प्रश्नाचं व्याकरण तपासत बसत नाही. पुस्तक गेल्याची हळहळ खरी, संवाद खरा, आणि त्या खरेपणातच दुरुस्ती बुडाली.

हे नीट मोजून पाहिलं गेलं ते कॅनडात, माँट्रियलच्या परिसरात. त्याला एक पार्श्वभूमी आहे. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरातल्या इंग्रजीभाषक पालकांनी हट्ट धरून एक प्रयोग सुरू करून घेतला. त्यांची मुलं बालवाडीपासूनच फ्रेंचमधून शिकणार होती. फ्रेंच हा एक विषय म्हणून नव्हे, तर गणित, विज्ञान, गोष्टी सगळंच फ्रेंचमधून. या पद्धतीला इमर्शन म्हणतात आणि ती पुढे देशभर पसरली. मुलं फ्रेंच उत्तम समजू लागली आणि न घाबरता बोलू लागली. तरी वर्षानुवर्षं शिकूनही त्यांच्या बोलण्यात काही चुका घट्ट बसून राहिल्या. नामाचं लिंग चुकायचं, क्रियापदाची रूपं चुकायची. फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असतं. ते चुकलं तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, म्हणून चूक कुठेच अडत नाही.

१९९७ मध्ये रॉय लिस्टर आणि लैला रांटा या दोघांनी अशाच प्राथमिक शाळेतल्या चार वर्गांचं सुमारे १८ तासांचं ध्वनिमुद्रण तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत साधी होती. मूल चुकलं की शिक्षक काय म्हणाला ते नोंदवायचं, आणि त्याच्या लगेच नंतर मूल काय म्हणालं तेही नोंदवायचं. शिक्षकांच्या प्रतिसादांपैकी ५५ टक्के रीकास्ट निघाले. पण रीकास्टनंतर मुलांनी वाक्य सुधारून म्हटलं ते फक्त १८ टक्के वेळा. थेट दुरुस्तीनंतर हा आकडा ३६ टक्क्यांवर गेला. आणि शिक्षकानं वाक्य अर्धवट सोडून किंवा प्रश्न विचारून बरोबर रूप मुलाकडूनच काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मूल प्रत्येक वेळी काही ना काही बोललं आणि ४६ टक्के वेळा त्यानं चूक सुधारली.

त्या १८ आणि ४६ मध्ये नुसता प्रमाणाचा फरक नाही. रीकास्टनंतर मूल जे सुधारतं ते शिक्षकाचं ऐकून म्हटलेलं असतं, कारण उत्तर समोरच ठेवलेलं असतं. प्रॉम्प्टनंतर जे येतं ते त्यानं स्वतःच्या आठवणीतून खणून काढलेलं असतं.

लिस्टर यांनी पुढच्याच वर्षी याच वर्गांतली आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती आकड्यांपेक्षाही मोलाची वाटते. शिक्षक मुलाचं चुकीचं वाक्य दुरुस्त करून परत म्हणतात, तसंच बरोबर वाक्यही परत म्हणतात. 'शाब्बास', 'हो', 'छान' हे शब्द दोन्हींसोबत येतात. आपल्या वर्गातही हेच चालतं. "माझा घर ठाण्यात आहे," असं कोणी म्हटलं की शिक्षिका म्हणते, "छान! तुमचं घर ठाण्यात आहे." शेजारचा म्हणाला, "माझं ऑफिस ठाण्यात आहे," त्यालाही ती म्हणते, "छान! तुमचं ऑफिस ठाण्यात आहे." पहिला चुकला होता आणि दुसरा बरोबर होता, हे दोघांना कशावरून कळावं? शिक्षिकेनं 'छान' म्हटलं ते बोलायचं धाडस केलं म्हणून. पहिल्यानं ऐकलं ते 'वाक्य बरोबर आहे' असं.

तरीही एक आक्षेप रास्त आहे. मुलानं लगेच वाक्य सुधारलं नाही म्हणजे तो काही शिकलाच नाही, असं म्हणता येईल का? रीकास्ट मुळात उत्तर मागतच नाही. ॲलिसन मॅकी आणि जेनिफर फिल्प यांनी १९९८ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांवर केलेल्या अभ्यासात हेच मांडलं: जे विद्यार्थी त्या रचनेच्या उंबरठ्यावर पोहोचले होते, त्यांना रीकास्टचा उपयोग झाला, मग त्यांनी तो लगेच उच्चारला असो वा नसो. तेव्हा तत्काळ प्रतिसाद मोजून प्रश्न मिटत नाही. काही आठवड्यांनी परीक्षा घेऊन पाहावं लागतं.

तशी परीक्षा घेतलेला एक अभ्यास मराठी वाचकानं मुद्दाम पाहावा असा आहे, कारण त्यातली व्याकरणाची अडचण आपल्याला आतून कळते. अहलेम अम्मार आणि नीना स्पाडा यांनी तो माँट्रियल भागातल्या सहावीच्या वर्गांत केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मुलं फ्रेंचभाषक होती आणि इंग्रजी शिकत होती. शिकायचं होतं ते 'हिज' आणि 'हर', म्हणजे 'त्याचा' आणि 'तिचा' एवढंच. पण फ्रेंचमध्ये हे सर्वनाम मालकाचं लिंग सांगतच नाही, मालकीच्या वस्तूचं किंवा नात्यातल्या माणसाचं सांगतं. आई स्त्रीलिंगी, म्हणून मुलाची आई असो वा मुलीची, दोन्हीकडे 'सा मेर'. वडील पुल्लिंगी, म्हणून दोन्हीकडे 'सों पेर'. इंग्रजी याच्या बरोबर उलट, तिथे फक्त मालकाचं लिंग पाहतात. त्यामुळे एखादा मुलगा आईबरोबर चालल्याचं चित्र दाखवलं की फ्रेंचभाषक मूल 'हर मदर' म्हणून मोकळं होतं. आई बाई आहे, मग 'हर'. मराठीत आपण दोन्ही एकाच शब्दात सांगतो. 'त्याची आई' यातलं 'त्या' मुलाचं आणि 'ची' आईचं. मराठी मुलाच्या मनात दोन्ही खुणा आधीपासून वेगळ्या असतात. फ्रेंच मुलाच्या मनात पहिली खूण नसतेच, ती नव्यानं रुजवावी लागते.

तीन वर्ग होते, मिळून ६४ मुलं. 'हिज' आणि 'हर'चा नियम तिन्ही वर्गांना आधी शिकवला. मग चार आठवडे तिन्ही वर्गांनी चित्रं, गोष्टी, एकमेकांना विचारायचे प्रश्न असे सारखेच बोलण्याचे उपक्रम केले. फरक एवढाच की एका वर्गात मूल चुकलं की शिक्षक रीकास्ट करायचा, दुसऱ्यात प्रॉम्प्ट द्यायचा, तिसऱ्यात या चुकीकडे लक्षच द्यायचं नाही. उपक्रम संपल्यावर लेखी आणि तोंडी परीक्षा झाली, आणि काही आठवड्यांनी पुन्हा झाली.

चुकीला काहीच उत्तर न मिळालेला वर्ग सर्वांत मागे राहिला. ऐकून ऐकून आपोआप येईल, या भरवशाला यातून आधार मिळत नाही. उरलेल्या दोघांत एकंदरीत प्रॉम्प्टचा वर्ग पुढे गेला. पण खरी माहिती मुलांचे दोन गट करून पाहिल्यावर मिळाली. सुरुवातीच्या चाचणीत ज्यांना बऱ्यापैकी गुण होते, त्यांना रीकास्ट आणि प्रॉम्प्ट जवळजवळ सारखेच लागू पडले. जी मुलं सुरुवातीला कच्ची होती, त्यांना मात्र प्रॉम्प्टचा फायदा रीकास्टपेक्षा स्पष्टपणे जास्त झाला.

याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ज्याच्या मनात नियम अर्धा बसला आहे, त्याला शिक्षकाच्या तोंडचं 'हिज मदर' ऐकताच आपलं 'हर मदर' खटकतं. ज्याच्या मनात नियम अजून धूसर आहे, त्याच्या कानाला दोन्ही सारखेच लागतात. म्हणजे आपण ज्याला हळुवारपणे, चूक न दाखवता दुरुस्त करायला जातो, त्या कच्च्या मुलालाच त्या हळुवारपणाचा सर्वांत कमी लाभ होतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही एक गोष्ट तरी सांगितली जावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून रीकास्ट टाकाऊ ठरतो असं नाही. काही चुकांवर तोच उत्तम चालतो. नवख्यानं 'शाळा'ला 'शाला' म्हटलं, तर "पुन्हा सांगा?" हा प्रॉम्प्ट त्याच्याकडून दुप्पट आवाजात 'शाला'च काढतो, कारण 'ळ' त्याच्या जिभेला ठाऊकच नाही. तिथे शिक्षिकेनं "शाळा" एवढा एकच शब्द स्वच्छ म्हणून दाखवणं उपयोगाचं. काझुया साइतो आणि लिस्टर यांनी २०१२ मध्ये जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी 'र'वर काम केलं. उच्चारावर रीकास्ट मिळालेल्या विद्यार्थ्यांचा 'र' सुधारला. त्याआधी २००० मध्ये मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच संवादाची चित्रफीत दाखवून "इथे तुझ्या मनात काय चाललं होतं?" असं विचारलं होतं. उच्चाराबद्दल किंवा शब्दाबद्दल मिळालेली दुरुस्ती त्यांना बऱ्याचदा दुरुस्ती म्हणून कळली होती. व्याकरणाच्या प्रत्ययांबद्दलची मात्र फारच थोड्यांना कळली होती. ती बहुतेक वेळा रीकास्टच्या रूपात आली होती.

रीकास्ट कसा करतो यावरही बरंच अवलंबून असतं. तो छोटा असला, एकच गोष्ट बदललेली असली आणि बदललेल्या जागी आवाजाचा जोर असला, तर लक्षात येतो. "अरेरे, तुमचं पुस्तक हरवलं, कुठे, केव्हा?" यापेक्षा "माझं पुस्तक." एवढंच म्हणून क्षणभर थांबणं किती तरी चांगलं. इथे शिक्षिकेनं सर्वनाम बदललं नाही हेही पाहा. तिनं त्याच्या बाजूनं वाक्य म्हटलं, त्यामुळे बदलला तो फक्त प्रत्यय, आणि तो आता लपायला जागा नाही.

वर्गाची सवय हाही एक भाग आहे. लिस्टर आणि हिरोहिदे मोरी यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या जपानी इमर्शन वर्गांची कॅनडातल्या फ्रेंच वर्गांशी तुलना केली. जपानी वर्गांत रीकास्टनंतर मुलं वाक्य सुधारून म्हणायची, कारण तिथे शिक्षकामागून म्हणण्याची आणि नेमक्या उच्चाराची शिस्त होती. आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत 'माझ्यामागून म्हणा' ही पद्धत मुरलेली आहे. तिथेही रीकास्टची पुनरुक्ती चटकन मिळेल असा माझा कयास आहे. पण सुरात म्हटलेलं 'माझं पुस्तक' आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून आलेलं 'माझं पुस्तक' यांत फार अंतर असतं, आणि तशा वर्गात शिक्षकाला मुद्दाम अडवून विचारण्याची गरज उलट जास्त असते.

थेट दुरुस्तीची जागा वेगळी आहे. जे मुलाला मुळात माहीतच नाही ते प्रश्न विचारून निघणार नाही. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी असतं हे कधी ऐकलंच नसेल, तर "कुठलं लिंग?" या प्रश्नावर तो 'स्त्री', मग 'पुरुष', मग 'नपुंसक' असे अंदाज मारत जाईल आणि वर्ग त्याच्याकडे बघत बसेल. तिथे सरळ सांगावं: "मराठीत ते पुस्तक. म्हणून माझं पुस्तक, हरवलं." हा छोटासा नियम सोबत असणं महत्त्वाचं. न्यूझीलंडमध्ये रॉड एलिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्रजीच्या भूतकाळावर केलेल्या अभ्यासात, चुकीनंतर "इथे भूतकाळ हवा" एवढा इशारा मिळालेले विद्यार्थी काही दिवसांनंतरच्या परीक्षेत रीकास्टवाल्यांपेक्षा पुढे होते. हा इशारा थेट दुरुस्तीत मोजायचा की प्रॉम्प्टमध्ये, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वर्गातल्या शिक्षकानं त्या वादात पडायचं कारण नाही.

मग प्रत्यक्षात काय करायचं? मला सर्वांत वापरण्याजोगी वाटते ती कॅथरिन डाउटी आणि एलिझाबेथ व्हारेला यांनी १९९८ मध्ये वर्णन केलेली रीत. वर्ग विज्ञानाचा होता, मुलं इंग्रजी शिकणारी होती, आणि प्रयोगाचा अहवाल सांगताना त्यांचा भूतकाळ चुकत असे. शिक्षिकेनं ठरवलं की फक्त भूतकाळाकडे लक्ष द्यायचं, बाकी चुका सोडून द्यायच्या. मूल चुकलं की ती आधी त्याचंच वाक्य चुकीच्या शब्दावर जोर देऊन परत म्हणायची. मूल स्वतः सुधारलं तर उत्तम. नाही सुधारलं तर बरोबर रूप ती जोर देऊन म्हणायची. म्हणजे आधी प्रॉम्प्ट, आणि तो फुकट गेला तरच रीकास्ट. नियंत्रण गटाच्या तुलनेत या मुलांचा भूतकाळ चांगला सुधारला, आणि विज्ञानाचा तासही बुडाला नाही.

नाशिकच्या वर्गात हे असं चालेल. या आठवड्यात फक्त नपुंसकलिंग, आणि तेही रोजच्या आठ-दहा शब्दांत: पुस्तक, घर, पाणी, ऑफिस, दुकान, काम. ते शब्द आधी 'ते'सह फळ्यावर लिहायचे.

"मॅडम, आज घरी पाणी आला नाही."

"पाणी *आला*?"

मग मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचं. इथेच बहुतेक शिक्षक कच खातात. शांतता अवघड वाटते आणि उत्तर त्यांच्याच तोंडून निसटतं.

"पाणी... आली?"

"ते पाणी."

"आलं! पाणी आलं नाही."

"आलं नाही. मग आंघोळ कशी केलीत?"

दहाएक सेकंदांत संभाषण पुन्हा पाण्यावर आलं. 'आली' हा चुकीचा अंदाज वाया गेलेला नाही. 'आला' चुकलं हे त्याला कळलं असल्याचा तो पुरावा आहे, आणि रीकास्ट केला असता तर तो पुरावा शिक्षिकेला मिळाला नसता. त्याच वाक्यात त्याचा 'ण' 'न'सारखा झाला असेल, तर तो या आठवड्यापुरता सोडून द्यायचा. सगळंच दुरुस्त करायला गेलं की माणूस बोलायचा थांबतो. हे भय खरं आहे, पण ते चुकांच्या संख्येचं आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे: आपली चूक दाखवून द्यावी असं विद्यार्थ्यांना जितकं वाटतं, तितकं शिक्षकांना वाटत नाही.

जे मराठी, इंग्रजी किंवा कुठलीही दुसरी भाषा शिकवतात, त्यांना माझी एक विनंती आहे. आपला एक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यातली वीस मिनिटं ऐका. प्रत्येक चुकीनंतर तुम्ही काय म्हणालात ते एका रकान्यात लिहा आणि विद्यार्थी पुढे काय म्हणाला ते दुसऱ्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यात 'हो', 'रिक्षात', 'कालच' अशीच उत्तरं भरलेली दिसली, तर तुमची दुरुस्ती त्यांना ऐकू गेलेली नाही. पुढच्या आठवड्यात एकच चूक निवडा, उत्तर देण्याआधी विचारा, तीन सेकंद थांबा, आणि तोच रकाना पुन्हा भरून पाहा.